सायीचा डबा किती दिवस चालतो? रोजच्या दुधातून तुपापर्यंत

घरच्या तुपासाठी साय साठवायला घेतली की पहिला प्रश्न दिवसांचाच येतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकू. नुसती साय, काही न घालता, फ्रीजच्या खालच्या भागात पाच ते सहा दिवस चांगली राहते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात चारच दिवस धरा. विरजण लागलेली साय फ्रीजमध्ये साधारण आठ दिवस निघते. वर फ्रीजरमध्ये, जिथे बर्फ धरतो तिथे, पंधरा दिवस निर्धास्त ठेवा. दोन दारांचा फ्रीज असेल आणि त्यात साय दगडासारखी घट्ट होत असेल तर महिनाभरही चालते.

आता हे दिवस मोजायचे कुठून, तिथे बहुतेक नवखे चुकतात. काल घातलेला थर ताजा दिसतो, पण डब्याचं वय त्या थरावरून ठरत नाही. पहिल्या दिवशी तळाशी गेलेली साय जितकी जुनी, तितका सगळा डबा जुना. तळात एकदा खवटपणा सुरू झाला की वरची कालची सायही त्याच वासाची होते, कारण काढताना आणि घुसळताना सगळं एकच होणार असतं. म्हणून डब्यावर शेवटची नाही, पहिली तारीख लिहायची. कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि बॉलपेन एवढंच लागतं, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही.

फ्रीजमध्ये असूनही साय का बिघडते

दूध उकळल्यावर त्यातले बहुतेक जंतू मरतात. त्यामुळे तापवलेल्या दुधावरची साय सुरुवातीला बरीच स्वच्छ असते. तिला लागण होते ती नंतर: ओल्या चमच्यातून, बोटातून, डब्याच्या कडेला वाळलेल्या जुन्या सायीतून, शेजारच्या उघड्या भाजीतून. यातले काही जंतू असे असतात की फ्रीजच्या चार-पाच अंशांतही ते वाढतात, फक्त सावकाश. ते सायीतला स्निग्धांश फोडतात, त्यातून खवट वास येतो; प्रथिनं फोडतात, त्यातून कडवटपणा येतो. पाच-सहा दिवसांची मर्यादा या सावकाश चालणाऱ्या कामामुळेच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. सायीबरोबर जितकं दूध डब्यात जातं, तितकं जंतूंना खाणं-पिणं मिळतं. नीट निथळलेली घट्ट साय आणि दुधासकट ओतलेली पातळ साय यांच्यात दोन-तीन दिवसांचा फरक सहज पडतो. डबा उघडल्यावर सायीच्या कडेला पांढरट पाणी सुटलेलं दिसलं तर समजा की आपण साय कमी आणि दूध जास्त साठवतोय.

तिसरं कारण डबा बाहेर राहण्याचं. रोज सकाळी साय काढायला डबा ओट्यावर येतो, चहा होईपर्यंत तिथेच असतो, मग परत जातो. जानेवारीत हे खपून जातं. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात, गॅस पेटलेला असताना, तेवढ्या वेळात वरचा थर कोमट होतो आणि परत थंड व्हायला त्याला बराच वेळ लागतो. असं रोज. त्यामुळे क्रम उलटा ठेवा: आधी गंजावरची साय चमच्यात किंवा वाटीत काढून घ्या, मग फ्रीजमधून डबा काढा, साय टाका, झाकण लावा, डबा आत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दूध कोणतं आणि तापवायचं कसं

साय किती येणार हे दुधावर ठरतं. गवळ्याकडचं म्हशीचं दूध सगळ्यात बरं. पाकिटाच्या दुधात फुल क्रीम म्हणजे किमान 6 टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये 1.5. टोन्ड दुधावर तुपाची आस धरू नये. चहापुरतं दूध आहे ते. पाकिटावर होमोजिनाइज्ड असं लिहिलेलं असेल तर फुल क्रीम असूनही साय पातळ येते. त्या प्रक्रियेत स्निग्धाचे थेंब इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येतच नाहीत. पाकीट चांगलं, फॅटही पूर्ण, पण साय कागदासारखी, अशी तक्रार असेल तर आधी पाकिटावरचा तो शब्द शोधा.

दूध रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या गंजात तापवा. तोंड जितकं रुंद तितकी साय पसरट आणि काढायला सोपी. एक उकळी आली की आच अगदी मंद करा आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. अधूनमधून बुडापासून हलवत रहा, म्हणजे लागणार नाही. लागलेल्या दुधाचा वास सायीत उतरतो आणि तुपातही तो पूर्ण जात नाही.

गॅस बंद केल्यावर हलवणं थांबवा. गंजावर ताटली ठेवू नका, जाळीची झाकणी ठेवा. घट्ट झाकण ठेवलं की वाफ आतच अडकते, तिचे थेंब सायीवर पडतात आणि साय ओली, विस्कटलेली राहते. जाळी नसेल तर ताटली तिरकी ठेवून फट सोडा.

इथून पुढे नागपूरकराला ऋतू पाहावा लागतो. डिसेंबरात दूध ओट्यावरच दीड-दोन तासांत निवतं. मे महिन्यात दुपारी तापवलेलं दूध दोन तासांनीही कोमटच असतं, आणि कोमट दूध ही जंतूंची सगळ्यात आवडती जागा. उन्हाळ्यात परातीत थंड पाणी घेऊन त्यात गंज ठेवा, पाणी एकदा बदला. तासाभरात दूध फ्रीजमध्ये ठेवण्याइतकं निवेल. मग सहा ते आठ तास, म्हणजे बहुतेक घरांत रात्रभर, गंज न हलवता फ्रीजमध्ये राहू द्या. थंडीत वरचा थर जाड आणि चिवट होतो. दूध खोलीच्या तापमानाला असतानाच साय काढणाऱ्यांना अर्धीच साय मिळते. उरलेला स्निग्धांश दुधातच राहून चहात जातो.

साय काढणं

चपटा, बारीक छिद्रांचा झारा घ्या. धुतलेला आणि पूर्ण कोरडा. नळाखालून विसळून तसाच घातलेला झारा हेच डबा नासण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. गंजाच्या कडेने चमच्याच्या टोकाने साय मोकळी करून घ्या, मग झारा खाली सरकवून साय अलगद उचला आणि गंजावरच दहा-वीस सेकंद तिरका धरून दूध गळू द्या. कडेला चिकटलेली सायही खरवडून घ्या, ती सगळ्यात घट्ट असते. पण दुधाच्या रेषेच्या वर वाळून पिवळी-तपकिरी झालेली पापडी घेऊ नका.

लहान मुलांच्या दुधात साय आली म्हणून त्यांनी बोटाने बाजूला काढलेली, कपातून गाळणीवर राहिलेली, पोळीबरोबर खाऊन वाटीत उरलेली, यातली कुठलीच साय डब्यात जायची नाही. उष्ट्या किंवा चहा लागलेल्या सायीने फार तर चमचाभर तूप वाढेल, पण त्यासाठी सगळा डबा पणाला लागतो. न तापवलेल्या दुधाची साय, विकतच्या पनीरचं पाणी, उरलेलं क्रीम असलंही काही त्यात मिसळू नका.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, सपाट बुडाचा. प्लॅस्टिकच्या डब्याला जुन्या सायीचा वास धरतो, तो कितीही घासला तरी पुरता जात नाही आणि नव्या सायीला लागतो. काचेची बरणी खालच्या भागात चालेल, फ्रीजरमध्ये नको, तडकते. रोज एक लिटर दूध असेल तर पंधरा दिवसांसाठी दीड लिटरचा डबा पुरे, फार मोठा नको: रिकाम्या जागेतली हवा सायीचा वरचा थर वाळवते आणि पिवळा करते. पहिल्या दिवशी डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. नागपूरला उन्हाची वानवा नाही, पंधरा मिनिटांत खडखडीत होतो.

खालचा कप्पा, विरजण की फ्रीजर

साठवण्याच्या तीन पद्धती घरोघरी दिसतात.

पहिली, नुसती साय खालच्या कप्प्यात. ज्यांच्याकडे रोज दोन-अडीच लिटर दूध येतं, त्यांच्यासाठी ही ठीक. पाच दिवसांत घुसळण्याइतकी साय जमते. डबा दारात ठेवायचा नाही. दार दर वेळी उघडलं की तिथलं तापमान वर जातं. मागच्या भिंतीजवळ ठेवा.

दुसरी, पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घालून रोज त्यावर साय टाकत जाणं. आईकडून, सासूकडून आलेली ही पद्धत पूर्वीच्या, फ्रीज नसलेल्या काळात बरोबरच होती. बाहेर ठेवलेली साय दह्यामुळे पटकन आंबट होते आणि आंबटपणात नासवणारे जंतू वाढत नाहीत. पण फ्रीजच्या थंडीत दह्याचे जंतू जवळपास झोपूनच असतात. दही घालून लगेच डबा आत ठेवला तर साय आंबट होत नाही, म्हणजे तिला संरक्षणही फारसं मिळत नाही. आपण मात्र विरजण लावलंय या भरवशावर दहा-बारा दिवस थांबतो. ही पद्धत वापरायचीच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांची साय जमली की दही मिसळून डबा बाहेर ठेवा, ती दह्यासारखी लागू द्या, मग आत ठेवा आणि पुढची साय त्यात घालून दर वेळी ढवळा. नुसते थर चढवले तर वरचा थर गोडच राहतो आणि तोच आधी बिघडतो. अशी साय आठ दिवस. त्यानंतर ती नासत नाही एकवेळ, पण आंबट-उग्र होते आणि तुपाला तो उग्रपणा येतो.

तिसरी, रोजची साय थेट फ्रीजरमध्ये, विरजण शेवटी एकदाच. रोज एक-दीड लिटर दूध घेणाऱ्या घराने हीच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गोठलेल्या सायीत जंतू वाढत नाहीत. शिवाय गोठताना बर्फाचे कण स्निग्धाच्या थेंबांवरचं पातळ आवरण फोडतात, त्यामुळे नंतर घुसळताना लोणी लवकर सुटतं. फ्रीजरमध्येही महिन्याच्या पुढे जाऊ नये, कारण जंतू थांबले तरी हवेमुळे येणारा जुनाट, पुठ्ठ्यासारखा वास सावकाश चढतच असतो.

एका दाराच्या फ्रीजचं मात्र वेगळं आहे. त्याचा बर्फाचा कप्पा दोन दारांच्या फ्रीजरइतका थंड नसतो. चाचणी सोपी: तिसऱ्या दिवशी डब्यात चमचा खुपसून पहा. चमचा आत गेला नाही तर पंधरा दिवस धरा. आइस्क्रीमसारखा आत गेला तर आठ-दहा दिवसांतच तूप करून टाका. आणि या फ्रीजमध्ये बर्फ साचला की डीफ्रॉस्टचं बटण दाबावं लागतं. त्या दिवशी साय पूर्ण वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. वितळून गोठलेली साय पुढे साठवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा डीफ्रॉस्टचा दिवस आणि तुपाचा दिवस एकच ठरवून टाका. सकाळी बटण दाबायचं, डबा बाहेर काढायचा, दोन्ही कामं बरोबर उरकतात.

एक हिशेब मांडून पाहू

समजा त्रिमूर्तीनगरातलं चौघांचं घर आहे, रोज दीड लिटर म्हशीचं दूध येतं, दोन दारांचा फ्रीज आहे, महिना नोव्हेंबर. नीट थंड करून काढली तर रोज साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम घट्ट साय निघेल. 1 तारखेला डबा सुरू केला, चिकटपट्टीवर 1 लिहिलं. 12 तारखेला डब्यात तेराशे ग्रॅमच्या आसपास साय झाली. यातून सातशे ग्रॅमच्या आगेमागे लोणी आणि अर्धा किलोच्या थोडं वर तूप अपेक्षित धरा. दूध पातळ असेल तर कमी येईल.

पंधरा दिवसांची मुभा असताना बाराव्या दिवशीच का थांबायचं? कारण पुढे वितळायला आणि विरजायलाही वेळ लागतो, आणि तुपाच्या दिवशी पाहुणे येतातच. दोन-तीन दिवस हातात असलेले बरे. 12 ला रात्री डबा फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. 13 ला सकाळी साय मऊ झालेली असते. ती मोठ्या गंजात काढून तासभर बाहेर ठेवायची, थंडी मोडली की दोन मोठे चमचे ताजं, गोडसर दही घालून नीट ढवळायचं. नोव्हेंबरात ही साय लागायला आठ-दहा तास जातात, म्हणजे संध्याकाळी घुसळता येते. हेच मे महिन्यात चार-पाच तासांत होतं. तेव्हा सकाळी विरजून दुपारचं जेवण आटोपलं की घुसळायला घ्यावं, रात्रीवर टाकू नये. ऐन डिसेंबर-जानेवारीत गार रात्री बारा तासही लागतील, त्या वेळी गंज गव्हाच्या डब्याशेजारी, जाड कापडात गुंडाळून ठेवा.

याच घरात हाच डबा खालच्या कप्प्यात ठेवला असता तर 1 तारखेची साय 6 लाच संपायला हवी होती, आणि तोवर जमली असती जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. त्यात तूप होईल ते अडीचशे ग्रॅमच्या घरात. गंज, रवी, कढई, गॅस, घासायची भांडी सगळं तेवढंच. म्हणून कमी दुधाच्या घराला फ्रीजर परवडतो.

वीज गेली तर

मे महिन्यातल्या वादळी संध्याकाळी चार-पाच तास वीज जाणं नागपूरला नवं नाही. वीज गेली की पहिलं काम म्हणजे फ्रीज उघडायचा नाही. बंद दाराचा फ्रीज खालच्या भागात साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. भरलेला फ्रीजर त्याहून बराच जास्त, रिकामा कमी.

वीज आल्यावर डबा उघडून पहा. मध्यभागी बर्फ कडक असेल आणि साय थंडगार असेल तर झाकण लावून परत ठेवा, पण मुक्काम वाढवू नका. दोन-चार दिवसांत तूप करा. पूर्ण वितळली आहे पण हाताला अजून थंड लागते, तर त्याच दिवशी विरजण लावा. हाच तिला वाचवण्याचा मार्ग आहे: दह्याचे जंतू आधी पसरले तर नासवणाऱ्यांना जागा मिळत नाही. साय खोलीइतकी कोमट झाली असेल तर वेळ मोजा. एरवी दोन तासांपर्यंत बाहेर राहिलेलं दुधाचं काही चालतं. पारा बत्तीसच्या वर असेल तर एकच तास. विरजण न लावलेली साय बेचाळीस-पंचेचाळीसच्या दिवशी दुपारभर बंद फ्रीजमध्ये गरम होत पडली असेल तर ती टाकून द्यावी.

बिघडली हे ओळखायचं कसं

आधी डोळ्यांनी, मग नाकाने, जिभेने सगळ्यात शेवटी.

वरचा थर गडद पिवळा झाला असेल तर तो वाळलेला आहे. वास ठीक असेल तर तेवढाच थर खरवडून काढा. हिरवा, काळा किंवा राखाडी ठिपका म्हणजे बुरशी. गुलाबी किंवा नारिंगी डाग म्हणजे दुसरीच लागण. यातलं काहीही दिसलं तर आख्खा डबा जातो. ठिपका चमच्याने काढून खालची साय वापरू नका. बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

साय चमच्याने उचलल्यावर लाळेसारखी तार सुटत असेल तर तीही नको. विरजण लागलेली साय घट्ट, दह्यासारखी तुटणारी असते. तार सुटणं म्हणजे चुकीचे जंतू वाढल्याची खूण.

वासात फरक शिकून घ्यावा लागतो. ताज्या दह्यासारखा आंबट वास चांगला. साबणासारखा, जुन्या खोबऱ्यासारखा किंवा उलटीची आठवण करून देणारा वास म्हणजे स्निग्धांश फुटला. वास नीट कळत नसेल तर चमचाभर साय तळहातावर चोळा आणि मग हुंगा. अंगाच्या उबेने दबलेला वास वर येतो. दिसायला आणि वासाला सगळं ठीक असेल तरच जिभेच्या टोकावर किंचित ठेवून पहा. कडवटपणा मागे रेंगाळला तर तूपही कडवटच होणार.

इथे एक समज मोडायला हवा. “कढवताना सगळं जळून जातं” असं म्हणत खराब साय कढईत घातली जाते. कढवताना जंतू मरतात हे खरं. पण बुरशीने आणि काही जंतूंनी आधीच सोडलेली विषं तेवढ्या उष्णतेने नष्ट होत नाहीत, आणि खवटपणा तर मुळीच जात नाही. विड्याचं पान, शेवग्याचा पाला, लवंग या गोष्टी चांगल्या तुपाला वास देण्यासाठी आहेत, वाईट तूप झाकण्यासाठी नाहीत. गरम असताना झाकलेला वास दोन दिवसांनी बरणीत परत येतो.

घुसळणं आणि कढवणं

साय लागली की घुसळण्यापूर्वी ती थंड पण मऊ हवी, बारा ते चौदा अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात विरजलेली साय तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि घुसळताना बर्फाचं पाणी घाला. साय गरम असेल तर लोणी गोळा न होता तेलकट, ओघळणारं होतं आणि बरंचसं ताकातच राहतं. हिवाळ्यात उलटी अडचण: साय इतकी कडक असते की रवी फिरवून हात भरून येतात, लोणी काही येत नाही. तेव्हा अर्धी वाटी कोमट पाणी घाला, गरम नाही. मिक्सरमध्ये करत असाल तर भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि थांबून थांबून फिरवा. आधी साय फुगते, मग दाणेदार होते, आणि मग एकाएकी आवाज बदलून पाणी वेगळं होतं. तिथे थांबायचं.

लोण्याचा गोळा थंड पाण्याने दोन-तीनदा धुवा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. लोण्यात राहिलेलं ताक कढईत जळतं, बेरी जास्त निघते आणि तुपाला आंबट झाक राहते. न धुतलेलं लोणी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कढवायचं असं करू नका. बारा दिवस सांभाळलेली साय या एका रात्रीत वास धरते.

कढई जाड बुडाची, लोण्याच्या तिप्पट मोठी, कारण फेस वर येतो. लोणी वितळेपर्यंत आच मध्यम, मग मंद. आधी तडतड होते, ते पाणी उडतंय. फेस बसतो, आवाज कमी होत जातो, तूप पारदर्शक होऊ लागतं आणि तळाशी बेरी दिसते. सातशे ग्रॅम लोण्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, पण लक्ष घड्याळाकडे नको, बेरीकडे हवं. ती फिकट तपकिरी झाली की गॅस बंद. तापलेल्या कढईत ती आणखी एक छटा गडद होतेच. बेरी पांढरी असतानाच उतरवलं तर तुपात पाणी राहतं, आणि असं तूप बरणीत महिन्याभरात वास मारू लागतं. कोमट झालं की कोरड्या गाळणीतून कोरड्या बरणीत गाळा.

विरजण न लावता साय थेट कढईत कढवणारेही आहेत. तूप होतं, पण सायीतली सगळी प्रथिनं आणि पाणी तिथेच आटवावं लागतं. वेळ दुप्पट जातो, बेरी ढीगभर निघते, तिच्यात तूप अडकतं आणि बुड लागण्याची भीती सतत असते. तीन-चार दिवसांची थोडीशी साय असेल तरच हा उद्योग करावा.

निघालेलं ताक त्याच दिवशी वापरा. गोळ्यांच्या कढीला ते चांगलं लागतं. फक्त बर्फ आणि पाणी घालून पातळ झालेलं असतं, म्हणून बेसन नेहमीपेक्षा चमचाभर जास्त. बेरी गुळाबरोबर किंवा पोळीच्या कणकेत जाते, पण तिच्यात प्रथिनं आणि थोडा ओलावा असल्यामुळे ती तुपासारखी बाहेर टिकत नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस, त्यापुढे नको.